मिथेनच्या ज्योतीचे तापमान : लाल शाईने कापलेले एक उत्तर



मागच्या सहामाही परीक्षेत बारावीच्या रसायनशास्त्राच्या पेपरात मी एक पाच गुणांचा प्रश्न घातला होता. मिथेन हवेत पूर्ण जळतो, बाहेर काहीही उष्णता जात नाही असे समजा, तर ज्योतीचे कमाल तापमान किती? प्रश्नाखाली लागणारे आकडे दिले होते. एका कॅडेटने उत्तर काढले २७८१ केल्विन. माझ्या संदर्भ पुस्तकात या ज्योतीचे तापमान सुमारे २२२६ केल्विन दिलेले आहे. साडेपाचशेचा फरक पाहून मी लाल रेघ मारली आणि पाचपैकी दोन गुण दिले.

उत्तरपत्रिका दाखवण्याच्या दिवशी तो कॅडेट टेबलापाशी आला, सावधानमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "सर, गुण वाढवून मागायला आलो नाही. फक्त माझी चूक कोणत्या ओळीत आहे ते सांगा."

मी त्याच्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. पुन्हा वाचल्या. चूक सापडेना. "उद्या सांगतो," एवढेच म्हणू शकलो. त्या रात्री मी तेच गणित तीन वेळा, तीन वेगवेगळ्या पद्धतींनी केले. आजचा हा पाठ म्हणजे त्या रात्रीचा हिशेब.

जमा बाजू

ज्योतीचे तापमान काढणे म्हणजे साधा जमाखर्च आहे. मिथेन जळताना जी उष्णता सुटते ती जमा. जळून तयार झालेले वायू तापवायला जी उष्णता लागते तो खर्च. बाहेर काही जात नसेल, तर जमा आणि खर्च ज्या तापमानाला बरोबर जुळतात तेच ज्योतीचे कमाल तापमान.

प्रथम समीकरण लिहू. हवेत ऑक्सिजनच्या प्रत्येक २१ भागांबरोबर नायट्रोजनचे ७९ भाग येतात, म्हणजे ऑक्सिजनच्या एका मोलमागे नायट्रोजनचे ३.७६ मोल. एक मोल मिथेनला दोन मोल ऑक्सिजन लागतो, म्हणून नायट्रोजन ७.५२ मोल.

```
CH4 + 2 O2 + 7.52 N2  →  CO2 + 2 H2O + 7.52 N2
```

नायट्रोजन दोन्ही बाजूंना सारखाच आहे म्हणून पुष्कळ जण तो खोडून टाकतात. रासायनिक समीकरणात ते चालते, जमाखर्चात चालत नाही. नायट्रोजन जळत नसला, तरी ज्योतीत शिरताना थंड असतो आणि बाहेर पडताना तापलेला असतो. तो फुकट जेवून जाणारा पाहुणा आहे, आणि पंगतीत सर्वांत जास्त संख्या त्याचीच आहे.

आता जमा रक्कम. तयार होण्याची एन्थाल्पी कार्बन डायऑक्साइडची उणे ३९३.५, पाण्याच्या वाफेची उणे २४१.८ आणि मिथेनची उणे ७४.८ किलोज्यूल प्रतिमोल आहे. त्यावरून एक मोल मिथेन जळताना सुटणारी उष्णता अशी:

३९३.५ + (२ × २४१.८) − ७४.८ = ८०२.३ किलोज्यूल.

येथे एक खड्डा आहे. पुष्कळ तक्त्यांत मिथेनची ज्वलन उष्णता ८९०.३ किलोज्यूल दिलेली असते. तो आकडा चूक नाही, पण त्यात तयार झालेले पाणी थंड होऊन द्रवरूप झाले असे धरलेले असते. दोन मोल वाफेचे पाणी होताना जी ८८ किलोज्यूल उष्णता मिळते तीही त्यात मोजलेली आहे. ज्योतीत पाणी वाफेच्या रूपातच असते, म्हणून ती रक्कम आपल्या खात्यात जमाच होत नाही. त्याच वर्गातल्या दुसऱ्या एका कॅडेटने ८९०.३ घेतले आणि उत्तर ३०५३ केल्विन काढले. ती खरी चूक होती. माझ्या लाल पेनाने मात्र दोघांना एकाच मापाने मोजले होते.

पहिला हिशेब : खोलीच्या तापमानाचे आकडे

खर्चाच्या बाजूला उष्माधारकता येते, म्हणजे एक मोल वायूचे तापमान एक केल्विनने वाढवायला लागणारी उष्णता. ज्योत मोकळ्या हवेत जळते, दाब बदलत नाही, म्हणून स्थिर दाबाची उष्माधारकता घ्यायची. २९८ केल्विनला, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला, ती कार्बन डायऑक्साइडची ३७.१, वाफेची ३३.६ आणि नायट्रोजनची २९.१ ज्यूल प्रतिमोल प्रतिकेल्विन आहे. प्रश्नपत्रिकेत मी हेच आकडे दिले होते.

कार्बन डायऑक्साइड : १ × ३७.१ = ३७.१
वाफ : २ × ३३.६ = ६७.२
नायट्रोजन : ७.५२ × २९.१ = २१८.८
एकूण : ३२३.१ ज्यूल प्रतिकेल्विन

या एकूण खर्चात दोन तृतीयांशाहून अधिक वाटा एकट्या नायट्रोजनचा आहे, हे पाहून ठेवा. आता ८,०२,३०० ज्यूल भागिले ३२३.१ म्हणजे २४८३ केल्विनची वाढ. सुरुवातीचे २९८ मिळवले की २७८१ केल्विन. कॅडेटचे उत्तर अक्षरशः हेच होते.

म्हणजे दिलेल्या आकड्यांवरून त्याने काढलेले उत्तर अचूक होते. मी मात्र दिलेले आकडे एका गृहीतकाचे आणि अपेक्षित उत्तर दुसऱ्याच गृहीतकाचे धरून बसलो होतो. चूक त्याच्या कोणत्याच ओळीत नव्हती. ती माझ्या प्रश्नात होती.

नायट्रोजन विसरला तर काय होते, तेही करून पाहा. खर्च फक्त १०४.३ उरतो आणि उत्तर सुमारे ७९९० केल्विन येते. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५८०० केल्विनचा आहे. भोजनगृहातल्या शेगडीवर सूर्यापेक्षा गरम ज्योत निघाली, तर पेन खाली ठेवून समीकरण पुन्हा वाचावे.

दुसरा हिशेब : वायू तापतात तसे जास्त खातात

२७८१ हा आकडा वास्तवापेक्षा इतका जास्त का, याचे पहिले कारण असे की उष्माधारकता स्थिर नसते. ती तापमानाबरोबर वाढते.

नायट्रोजनच्या रेणूत दोन अणू आहेत. ते स्प्रिंगने जोडलेल्या दोन गोट्यांसारखे समजा. खोलीच्या तापमानाला हा रेणू इकडून तिकडे धावतो आणि गरगर फिरतो, पण त्याची स्प्रिंग जवळजवळ हलत नाही. कारण कंपनासाठी ऊर्जा थोडी थोडी चालत नाही, ठराविक मापाचा आख्खा घास लागतो, आणि खोलीच्या तापमानाच्या टकरींत तेवढा जोर नसतो. तापमान हजारच्या पुढे गेले की टकरी जोरदार होतात, स्प्रिंग हलू लागते आणि उष्णता साठवायला रेणूला एक नवी जागा मिळते. म्हणून २९८ केल्विनला २९.१ असलेली नायट्रोजनची उष्माधारकता २३०० केल्विनला ३६ च्या वर जाते. कार्बन डायऑक्साइडच्या तीन अणूंना हलण्याचे प्रकार जास्त, म्हणून त्याची वाढही मोठी आहे : ३७ वरून सुमारे ६१. ल शातेलिए यांचे नाव तुम्हांला समतोलाच्या तत्त्वामुळे माहीत आहे. त्यांनी आणि मालार यांनी १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये वायूंच्या ज्वलनाचा अभ्यास करताना उष्माधारकतेची ही वाढ मांडली होती.

मग हिशेबात कोणता आकडा घ्यायचा? सुरुवातीचा घेतला तर खर्च कमी धरला जातो, शेवटचा घेतला तर जास्त. हाताने करायचा सोपा उपाय म्हणजे मधल्या तापमानाचा आकडा घेणे. ज्योत २१०० केल्विनची असेल असा आधी अंदाज धरू. २९८ आणि २१०० च्या मधोमध साधारण १२०० केल्विन येते. त्या तापमानाला आकडे आहेत ५६.३, ४३.८ आणि ३३.७.

५६.३ + (२ × ४३.८) + (७.५२ × ३३.७) = ३९७.३ ज्यूल प्रतिकेल्विन

८,०२,३०० भागिले ३९७.३ म्हणजे २०१९ ची वाढ, आणि तापमान २३१७ केल्विन. एका पायरीत साडेचारशेहून अधिक केल्विन खाली आलो.

येथे एखादा चौकस कॅडेट म्हणेल, "सर, उत्तर २३१७ आले, मग मधले तापमान १२०० कसे? ते १३०० हवे." बरोबर आहे. १३०० चे आकडे घेतले की उत्तर सुमारे २२८५ येते. उष्माधारकतेची वाढ सरळ रेषेत नसते, आधी भरभर आणि पुढे सावकाश असते, म्हणून मधला एक आकडा सरासरीचे काम अगदी नेमके करू शकत नाही. या पद्धतीत तीस-चाळीस केल्विनचा फरक पडणारच, असे समजून चालावे.

नेमके हवे असेल तर सरासरी सोडून द्यायची आणि तक्ते वापरायचे. एक मोल वायू २९८ पासून अमुक तापमानापर्यंत न्यायला एकूण किती उष्णता लागते, हे तक्त्यांत थेट दिलेले असते. २३०० केल्विनपर्यंत कार्बन डायऑक्साइडला १०९.७, वाफेला ८८.३ आणि नायट्रोजनला ६७.० किलोज्यूल लागतात. आपल्या मिश्रणाचा एकूण खर्च ७९० किलोज्यूल होतो. जमा ८०२ आहे, म्हणजे अजून १२ शिल्लक. २४०० केल्विनला तोच खर्च ८३४ होतो, म्हणजे जमेपेक्षा जास्त. उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. शंभर केल्विनला ४४ किलोज्यूल लागतात, तर १२ किलोज्यूलमध्ये सुमारे २८ केल्विन. म्हणून ज्योतीचे तापमान २३२८ केल्विन.

मधल्या आकड्याने काढलेले २३१७ आणि तक्त्याने काढलेले २३२८ किती जवळ आहेत पाहा. दोन वेगळ्या वाटांनी जवळपास एकाच ठिकाणी पोचलो, तर वाट चुकलेली नाही असे समजायला हरकत नाही.

तिसरा हिशेब : रेणू फुटतात

तरीही पुस्तकातल्या २२२६ पेक्षा आपण १०२ केल्विनने वरच आहोत. हा फरक आकडेमोडीतला नाही. तो समीकरणाच्या उजव्या बाजूत आहे. आपण असे धरले की सगळा कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइड होतो आणि सगळा हायड्रोजन पाणी. दोन हजार केल्विनच्या वर हे पूर्ण खरे राहत नाही. काही कार्बन डायऑक्साइड पुन्हा कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजनमध्ये फुटतो. काही वाफ हायड्रोजन, ऑक्सिजन आणि हायड्रॉक्सिल यांत फुटते. यालाच विघटन म्हणतात. रेणू फोडायला उष्णता लागते, आणि ती जमा रकमेतूनच जाते.

किती जाते, याचा अंदाज घेऊ. ज्योत २३२८ ऐवजी २२२६ वर थांबते, म्हणजे वायू तापवायला १०२ केल्विनची उष्णता कमी पडली. या पट्ट्यात एका केल्विनला सुमारे ०.४४ किलोज्यूल लागतात, म्हणून सुमारे ४५ किलोज्यूल. एक मोल कार्बन डायऑक्साइड फोडायला २८३ किलोज्यूल लागतात. शंभरातले नऊ रेणू फुटले तरी पंचवीसएक किलोज्यूल गेले. उरलेला खर्च प्रामुख्याने वाफ फुटण्यात जातो. म्हणजे रेणूंचा लहानसा भाग फुटला तरी ज्योत शंभर केल्विनने खाली येते.

हा तिसरा हिशेब एका ओळीत सुटत नाही, कारण दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत. तापमान वाढले की रेणू जास्त फुटतात, आणि रेणू फुटले की तापमान उतरते. म्हणून एक तापमान धरायचे, त्या तापमानाला किती रेणू फुटलेले असतील ते समतोल स्थिरांकावरून काढायचे, जमाखर्च मांडायचा, जुळला नाही तर तापमान थोडे सरकवून पुन्हा करायचे. पुस्तकातला २२२६ हा आकडा, म्हणजे सुमारे १९५० अंश सेल्सिअस, अशाच हिशेबातून येतो.

विघटनाचा हिशेब कधी सोडून चालतो? उत्तर दोन हजार केल्विनच्या खाली असेल तेव्हा त्याने फारसा फरक पडत नाही. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला तर मात्र तो सोडून अजिबात चालत नाही. नायट्रोजन नसल्यामुळे विघटन न धरता काढलेले उत्तर पाच हजार केल्विनच्या आसपास जाते. खरी ज्योत साधारण ३०५० वर थांबते, कारण तेथे रेणू मोठ्या प्रमाणात फुटलेले असतात.

मग खिळा का वितळत नाही?

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हा सगळा हिशेब फळ्यावर मांडला. प्रश्न माझा सदोष होता हे सांगितले आणि त्या कॅडेटचे पाचही गुण त्याला दिले. मला वाटले, विषय संपला. तर मागच्या बाकावरून हात वर आला.

"सर, ज्योत १९५० अंशांची, आणि लोखंड १५३८ अंशांना वितळते. भोजनगृहात नळाचा गॅस आहे, त्यात बहुतेक मिथेनच असतो. मग शेगडीवर धरलेला खिळा लाल होऊन का थांबतो?"

प्रश्न योग्य होता, कारण आपल्या हिशेबातले पहिलेच वाक्य होते : बाहेर काहीही उष्णता जात नाही असे समजा. ते वाक्य ज्योतीतल्या वायूला बऱ्याच अंशी लागू पडते, खिळ्याला नाही. खिळा तापला की प्रकाश आणि उष्ण किरण बाहेर टाकू लागतो. हे किरणोत्सर्जन केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. लालबुंद खिळा १२०० केल्विनवर असेल आणि त्याला १८११ केल्विनला, म्हणजे लोखंडाच्या वितळणबिंदूला, न्यायचे असेल, तर तो पाचपट उष्णता बाहेर फेकू लागेल. ज्योतीतला वायू विरळ आहे, तो इतक्या वेगाने उष्णता देऊ शकत नाही. शिवाय चिमट्यातून काही जाते ते वेगळेच. जिथे मिळणारी आणि जाणारी उष्णता सारखी होते, तिथे खिळ्याचे तापमान थांबते.

ज्योतीत थर्मोकपल धरून तापमान मोजणाऱ्यांची हीच अडचण असते. थर्मोकपल ज्योतीचे नव्हे, स्वतःच्या टोकाचे तापमान सांगते, आणि ते टोकही खिळ्यासारखेच उष्णता बाहेर टाकत असते. तार जितकी बारीक तितका फरक कमी. म्हणून मोजलेला आकडा आपल्या हिशेबाच्या खाली आला तर लगेच हिशेबाला दोष देऊ नये. आणि मोजलेला आकडा हिशेबाच्या वर आला, तर मात्र मोजणीत किंवा हिशेबात नक्की काहीतरी चुकले आहे, कारण आपण काढले ते कमाल तापमान आहे.

तुमच्यासाठी एक गणित

ज्यांच्या गावी गोबर गॅस आहे त्यांच्यासाठी हे खास. त्या वायूत १०० भागांत ६० भाग मिथेन आणि ४० भाग कार्बन डायऑक्साइड आहे असे समजा. मिथेनच्या एका मोलबरोबर ०.६७ मोल कार्बन डायऑक्साइड फुकट तापवावा लागेल. जमा तीच, ८०२.३. खर्चात १२०० केल्विनच्या आकड्याने ०.६७ × ५६.३ मिळवा आणि नवे तापमान काढा. उत्तर २१४३ केल्विनच्या आसपास यायला हवे, म्हणजे शुद्ध मिथेनच्या २३१७ पेक्षा पावणेदोनशेने कमी.

उत्तराखाली एक ओळ जरूर लिहा : उष्माधारकता १२०० केल्विनची धरली, विघटन धरले नाही. त्या कॅडेटने आपल्या उत्तरपत्रिकेत अशी ओळ लिहिली होती, 'उष्माधारकता तापमानाबरोबर बदलत नाही असे मानून'. लाल रेघ मारण्याच्या घाईत मी ती वाचलीच नव्हती. आता माझ्या प्रश्नपत्रिकेतही ती ओळ असते.